सात वर्षांच्या मुलीचं मनगट: पट्टा पुरेल का?

जुलैतला सोमवार होता. लालबागहून एक कुटुंब ओपीडीत आलं: वडील, आजी आणि सात वर्षांची मुलगी. मुलीच्या डाव्या हाताला दंडापर्यंत कच्चं प्लास्टर होतं आणि हात गळ्यातल्या झोळीत. शनिवारी संध्याकाळी पावसाने ओल्या झालेल्या चाळीच्या गॅलरीत लपाछपी खेळताना ती घसरली. पडताना हात पुढे टेकला आणि सगळा भार तळहातावर आला. रविवारी जवळच्या एका नर्सिंग होममध्ये एक्स-रे काढला, हाड मोडल्याचं सांगितलं, सहा आठवडे प्लास्टर आणि पुढच्या आठवड्यात पक्कं प्लास्टर असा बेत ठरला. रिपोर्टवर ‘रेडियसच्या खालच्या टोकाला बकल फ्रॅक्चर’ असं लिहिलेलं होतं. रेडियस म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचं हाड.

वडिलांनी तो शब्द रात्रीच मोबाइलवर शोधला होता. बसल्या बसल्या म्हणाले, “मॅडम, बकल असेल तर परदेशात प्लास्टर घालतच नाहीत, काढता येणारा पट्टा बांधतात, असं वाचलं. मग हे काढून टाकायचं का? हिला आत फार खाजतंय.” आजींचं मत उलट होतं. “हाड मोडलंय आणि पट्टा बांधून सोडायचं? माझ्या भावाचा हात असाच वाकडा राहिला होता.”

दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर होतं. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारणही तेच आहे. बकल आणि ग्रीनस्टिक हे दोन शब्द एका श्वासात घेतले जातात आणि अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण पट्ट्यावर निर्धास्त राहायचं की डोळ्यांत तेल घालून बघत राहायचं, हे त्या दोघांतल्या फरकावर ठरतं.

वडिलांनी वाचलेलं खरंच आहे. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या संस्थेने 2016 मध्ये स्पष्ट लिहिलं की मनगटाजवळच्या बकल फ्रॅक्चरला कडक प्लास्टर घालू नये. 2022 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये फोर्स नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ब्रिटनमधल्या 23 रुग्णालयांतल्या 4 ते 15 वयाच्या 965 मुलांपैकी निम्म्यांना साधं बँडेज देऊन, वाटलं तर बांधा आणि पुन्हा यायची गरज नाही, असं सांगून घरी पाठवलं. उरलेल्यांना पट्टा किंवा प्लास्टर दिलं. तिसऱ्या दिवशीच्या दुखण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता आणि पुढेही हात सारखेच बरे झाले. म्हणजे खऱ्या बकलला पट्टा पुरतो, एवढंच नव्हे तर पट्टाही सक्तीचा नाही. तो असतो तो दुखू नये म्हणून. पण हे सगळं ते खरंच बकल असेल तर.

आधी प्लास्टर सोडवलं. क्रेप बँडेज बोटांच्या मुळाशी आवळलेलं होतं, बोटं किंचित सुजलेली होती. बँडेज सुटताच मुलीने पहिली गोष्ट केली ती दंड खाजवण्याची. हात वरून पाहिला तर फारसं काही दिसत नव्हतं, बाजूने पाहिल्यावर मनगटाच्या वर पाठीमागच्या बाजूला हलकी उंची जाणवली. कोपरापासून खाली एका बोटाने दाबत आले. कोपर दुखत नव्हतं, हाडाचा मधला भागही नाही. मनगटाच्या साधारण दोन सेंटिमीटर वर आल्यावर तिने हात ओढून घेतला. त्याच्याही खाली, जिथे वाढीची चकती म्हणजे ग्रोथ प्लेट असते, तिथे मुद्दाम वेगळं दाबून पाहिलं. तिथे दुखलं नाही. हा फरक बोटाच्या टोकाने कळतो आणि कळावाच लागतो, कारण चकतीची इजा हे वेगळं प्रकरण असतं आणि पहिल्या एक्स-रेत ती लपू शकते.

नसा तपासायला मी तिच्याशी ‘स्टोन, पेपर, सिझर’ खेळले. मूठ वळली, पंजा उघडला, कात्री केली, शेवटी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल. चारही जमलं म्हणजे हाताच्या तिन्ही मोठ्या नसा काम करताहेत. खेळात ती एकदा जिंकली आणि तिथून पुढे तिने हात माझ्या ताब्यात दिला.

मग एक्स-रे. वडिलांनी मोबाइलवर फोटो दाखवला, मी मूळ फिल्म मागितली आणि लाइटच्या पेटीवर लावली. समोरून घेतलेल्या फिल्ममध्ये रेडियसच्या कडेला एक छोटा फुगवटा दिसत होता. बघताक्षणी बकल म्हणावं असाच. बाजूने घेतलेल्या फिल्मकडे वळल्यावर मात्र मी थांबले. ती फिल्म नीट बाजूने नव्हती, तिरकी होती. नीट बाजूच्या फिल्ममध्ये रेडियस आणि त्याच्या शेजारचं हाड, अल्ना, एकावर एक येतात. इथे दोन्ही हाडं शेजारी शेजारी दिसत होती. दुखऱ्या हाताने मूल हात पूर्ण वळवत नाही, तंत्रज्ञ घाईत असतो, प्लास्टर घातल्यावर तर हात वळवताही येत नाही. अशा तिरक्या फिल्मवर तळहाताकडची कड नीट दिसत नाही, आणि निर्णय त्याच कडेवर असतो.

का, ते सांगते. मुलांचं हाड मोठ्यांच्या हाडापेक्षा जास्त सच्छिद्र असतं, त्यात खनिज कमी आणि लवचिकपणा जास्त. वर हाडावरची साल, म्हणजे पेरिऑस्टियम, जाड आणि चिवट. त्यामुळे मुलाचं हाड सहसा काचेसारखं कडकन तुटत नाही. तळहातावर पडताना मनगट मागे वळतं. हाडाची पाठीकडची बाजू दाबली जाते आणि तळहाताकडची ताणली जाते. नुसता दाबच असेल तर पाठीकडची भिंत किंचित चुरगळते आणि बाहेर फुगते, पत्र्याच्या डब्यावर पाय पडल्यावर कडेला वळी पडते तशी. हेच बकल. याला टोरस असंही म्हणतात, तो शब्द खांबाच्या तळाशी असलेल्या गोल फुगीर कड्यावरून आला. त्यात कुठेच भेग नसते, हाड सगळीकडून जोडलेलं असतं, म्हणून ते हलत नाही.

जोर थोडा जास्त असला तर पाठीकडची भिंत दबतेच, शिवाय तळहाताकडची भिंत ताणाने फाटते. कडुलिंबाची ओली फांदी वाकवली की बाहेरची बाजू फाटते आणि आतली फक्त वाकते, तसं. हे ग्रीनस्टिक. इथे हाड अर्धं तुटलेलं आणि अर्धं वाकलेलं असतं, आणि वाकलेल्या भागाचा कल आणखी वाकण्याकडे असतो. एकीकडचा आधार गेला आहे आणि दुसरीकडचा वाकून बसला आहे, म्हणून प्लास्टरच्या आतही पहिल्या दोन आठवड्यांत कोन वाढू शकतो. बकल जागचं हलत नाही, ग्रीनस्टिक हलू शकतं. बाकीचे सगळे निर्णय या एका वाक्यातून निघतात.

मी एकच फिल्म पुन्हा काढायला सांगितली, फक्त नीट बाजूने. प्लास्टर नव्हतं, आजींनी कोपराला आधार दिला आणि फिल्म चांगली आली. पाठीकडे फुगवटा होताच. तळहाताकडच्या पांढऱ्या कडेवर मात्र एका जागी केसाएवढी काळी रेघ होती आणि कड तिथे थोडी तुटून पुढे सरकली होती. रेडियसच्या दांड्याची मधली रेषा आणि खालच्या तुकड्याची मधली रेषा काढून कोन मोजला. खालचा तुकडा पाठीकडे 12 अंश कललेला होता. समोरच्या फिल्ममध्ये डावी-उजवीकडे कल नव्हता. अल्ना शाबूत होती. म्हणजे रिपोर्टवरचा शब्द चुकला होता. हे थोडं कललेलं ग्रीनस्टिक होतं.

वडिलांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, आता दंडापर्यंतचं प्लास्टर पुन्हा. मी सांगितलं, तसं नाही, पण बकलसारखं बांधून विसरून जायचंही नाही.

या मधल्या जागेबद्दल टोरांटोमधली एक चाचणी मला नेहमी उपयोगी पडते, 2010 साली प्रसिद्ध झालेली. 5 ते 12 वयाची 96 मुलं, मनगटाजवळचं हाड अर्धवट किंवा आडवं मोडलेलं, पण कल 15 अंशांपर्यंतच. निम्म्या मुलांना काढता येणारा पट्टा दिला, निम्म्यांना कोपराखालचं प्लास्टर. सहा आठवड्यांनंतर हाताच्या कामात पट्टा प्लास्टरपेक्षा कमी पडला नाही आणि कोनातही मोठा फरक राहिला नाही. आमची मुलगी वयाने, कलाने आणि जागेने याच गटात बसत होती. शिवाय घरचे सगळे समजूतदार होते आणि फिरून येणार होते. म्हणून पट्टा ठरला, पण अटींवर.

पट्टा म्हणजे कोणताही पट्टा नव्हे. परळच्या दुकानांत मनगटाचे पट्टे मोठ्यांच्या मापाचे खूप मिळतात. ते लहान मुलाला घातले तर आतली ॲल्युमिनियमची पट्टी तळहाताच्या पुढे बोटांपर्यंत येते आणि बोटं वळत नाहीत. लहान मापाचा घ्यायचा. पट्टी तळहाताच्या बाजूने यायला हवी, तळहातावरच्या आडव्या रेषेपाशी थांबायला हवी आणि वर कोपराखालच्या हाताच्या दोन-तृतीयांश भागापर्यंत जायला हवी. अंगठा आणि सगळी बोटं मोकळी. वेल्क्रो लावल्यावर आजींचं एक बोट पट्ट्याखाली सहज जायला हवं. मी आजींकडून तो तीनदा काढून-घालून घेतला. तिसऱ्या वेळी त्यांनी तो बरोबर घातला, आणि आता खरोखर आपल्या हाती काही आहे हे त्यांना पटलं.

बकल असतं तर मी सांगितलं असतं: दुखेल तेवढे दिवस घाला, जास्तीत जास्त तीन आठवडे, नंतर स्वतःच काढा, मला दाखवायला यायची गरज नाही. इथे सांगितलं: चार आठवडे, दिवसा आणि रात्री, फक्त आंघोळीपुरता काढायचा, तोही हात टेबलावर टेकवून. सातव्या ते दहाव्या दिवसात नव्याने एक्स-रे, कारण कोन वाढायचा तर त्याच काळात वाढतो आणि हस्तक्षेप करायचा तर तोवरच सोपा असतो.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरेसं होतं. तिचं वजन 21 किलो, किलोला 15 मिलिग्रॅम या हिशेबाने साधारण 300 मिलिग्रॅम, म्हणजे 5 मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे 6 मिलिलिटर, सहा तासांच्या अंतराने, गरज असेल तेव्हा. मुलांच्या फ्रॅक्चरला आयब्युप्रोफेनही चांगलं काम करतं, पण मुंबईत जुलैमध्ये मी ते जपून देते. पावसाळ्यात घरात ताप आला की डेंग्यूची शंका असते आणि डेंग्यूत हे औषध रक्तस्रावाचा धोका वाढवतं. हाडाचं औषध तापासाठी पुन्हा वापरलं जातं, म्हणून ते घरात नसलेलंच बरं.

आणि एक गोष्ट मी दोघांकडून कबूल करून घेतली: हाडवैद्याकडे जाऊन चोळून घ्यायचं नाही. शेजारच्या काकूंनी ते सुचवलं होतं. ताज्या मोडलेल्या हाताला तेल लावून चोळल्याने ग्रीनस्टिकचा कोन वाढतो, आणि वरून बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या तर हाताचा रक्तपुरवठाच अडतो. घट्ट बांधल्यामुळे स्नायू मरून बोटं कायमची आखडलेली मुलं मी शिकत असताना पाहिली आहेत. मूळ फ्रॅक्चर त्यांच्यातही किरकोळच होतं.

नवव्या दिवशी ती आली. दुखणं जवळजवळ थांबलं होतं, ती पट्ट्यासह डाव्या हाताने पिशवी धरून चालत होती. फिल्म काढली, कोन मोजला: 16 अंश.

इथे प्रकरणाने वळण घेतलं. त्याच दिवशी वडिलांनी नव्या एक्स-रेचा फोटो ओळखीच्या दुसऱ्या एका सर्जनला पाठवला आणि संध्याकाळी ते घाबरून परत आले. सल्ला मिळाला होता की हाड सरकतंय, दोन दिवसांत भूल देऊन बसवायला हवं, वेळ पडली तर तार टाकावी लागेल. आजी म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, आधीच प्लास्टर राहू दिलं असतं तर हे झालं नसतं ना?”

प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर मी आधी स्वतःला दिलं. मोजणीतच तीन ते पाच अंशांचा फरक सहज पडतो. मी शेजारच्या खोलीतल्या माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना माझा आकडा न सांगता दोन्ही फिल्म मोजायला दिल्या. पहिली त्यांनी 13 मोजली आणि दुसरी 14. म्हणजे कल थोडा वाढला असेल, पण हाड धावत सुटलेलं नव्हतं. आणि प्लास्टरमध्येही तो एवढा वाढू शकला असता. टोरांटोच्या चाचणीत प्लास्टर घातलेल्या मुलांतही चार आठवड्यांनंतर थोडा कल होताच.

तरी 16 हाच आकडा खरा धरू या. तो सुधारायला भूल द्यायची का? हे ठरतं हाड स्वतःला सरळ करून घेईल का यावर, आणि ती क्षमता चार गोष्टींवर अवलंबून असते. मी त्या आजींना कागदावर काढून सांगितल्या, कारण त्यांच्या भावाच्या वाकड्या हाताचं उत्तरही त्यातच होतं.

पहिली गोष्ट जागा. रेडियसची तीन-चतुर्थांशाहून जास्त लांबी मनगटाजवळच्या चकतीतून वाढते. फ्रॅक्चर त्या चकतीच्या जितकं जवळ, तितकं सरळ होणं जलद. कोपर आणि मनगटाच्या मध्यभागी तेच फ्रॅक्चर झालं असतं तर 16 अंश मी सोडले नसते. आजींच्या भावाचा हात कुठे मोडला होता, हे विचारलं तर त्यांनी हाताच्या बरोबर मधोमध बोट ठेवलं.

दुसरी वय, खरं म्हणजे उरलेली वाढ. सात वर्षांच्या मुलीकडे भरपूर वाढ शिल्लक असते. मुलींची वाढ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी थांबते, म्हणून बारा वर्षांच्या मुलीत मी इतकी सूट देत नाही. निदान दोन वर्षांची वाढ शिल्लक हवी, हा जुना आणि चांगला नियम आहे.

तिसरी दिशा. मनगट ज्या दिशेने वर-खाली हलतं, त्या दिशेचा कल सर्वात चांगला जिरतो. आमच्या मुलीचा कल पाठीकडे होता, म्हणजे नेमका त्याच दिशेत. डावी-उजवीकडचा कल कमी जिरतो.

चौथी पीळ. हाड स्वतःभोवती पिळलं गेलं असेल, तर तो पीळ वाढीने सुटत नाही. मधल्या भागाच्या ग्रीनस्टिकमध्ये पीळ अनेकदा असतो आणि फिल्मवर तो सहज चुकतो. तो ओळखायचा एक साधा मार्ग म्हणजे दोन्ही कोपरं अंगाला चिकटवून दोन्ही तळहात वर आणि मग खाली करायला लावणं. मी तिला पट्टा काढून तसं हळू करायला सांगितलं. डावा हात थोडा दुखत होता, पण उजव्याच्या जवळजवळ बरोबरीने वळला.

हाड सरळ कसं होतं, हे आजींना सर्वात कठीण वाटलं. त्यांना वाटत होतं की आत कुणीतरी वाकलेलं हाड दाबून सरळ करतं. तसं होत नाही. खरं काम ग्रोथ प्लेटच करते. चकती हाडाबरोबर कलली की तिच्यावरचा दाब सगळीकडे सारखा राहत नाही. मग ती एका बाजूला थोडी जास्त आणि दुसऱ्या बाजूला थोडी कमी वाढते, आणि हळूहळू स्वतःला मनगटाच्या समोर सरळ आणते. दुसरीकडे, मोडलेल्या जागी खोलगट बाजूला नवं हाड भरतं आणि उंचवट्याच्या बाजूचं हाड विरघळतं. ज्या बाजूने भार जातो तिथे हाड साठतं, हे ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने 1892 मध्ये मांडलं. दोन्ही कामं मिळून मनगटाजवळ महिन्याला साधारण एक अंश, या वेगाने हात सरळ होतो. कुणाचा जरा जास्त, कुणाचा जरा कमी.

म्हणजे 16 अंशांना सव्वा-दीड वर्ष. दहा वर्षांखालच्या मुलांत मनगटाजवळचा 20 अंशांपर्यंतचा कल बहुतेक हाडांचे डॉक्टर तसाच सोडतात. काही जण त्याहून पुढेही जातात. मी वडिलांना माझी रेघ आखून दिली: कोन 20 च्या पुढे गेला, किंवा हात बाजूला कलला, किंवा तळहात फिरेना, तर आपण भूल आणि पक्कं प्लास्टर यावर बोलू. तोपर्यंत सात वर्षांच्या मुलीला भूल देऊन, जुळायला लागलेलं हाड पुन्हा मोडल्यासारखं हलवून, वाढीच्या चकतीच्या शेजारी जोर लावणं मला पटत नाही. जो कोन सव्वा-दीड वर्षात आपोआप जाणार आहे, त्यासाठी हा धोका जास्त आहे. त्या दुसऱ्या सर्जनला फक्त एक फोटो दिसला होता, मुलीचं वय आणि फिरणारा तळहात दिसला नव्हता, हेही मी सांगितलं.

त्यांनी विचार करायला एक रात्र मागितली. सकाळी फोन आला: थांबू या.

सोळाव्या दिवसाची फिल्म मी तशी टाळली असती, पण घरच्यांच्या मनासाठी आणि माझ्याही, ती काढली. कोन 16. मोडलेल्या जागेभोवती धुरासारखा पांढरा ढग दिसायला लागला होता. तो नव्या हाडाचा ढग, कॅलस. तो दिसला की कोन सरकायची भीती जवळजवळ संपते. मुलीला तो फिल्मवर दाखवला तर ती म्हणाली, “हा तर कापूस आहे.” तिच्या शब्दांत ते मला जास्त आवडलं.

चौथ्या आठवड्यानंतर दिवसा घरात पट्टा बंद, शाळेत जाताना आणखी दोन आठवडे. यावर घरात वाद झाला, कारण पुढे गणपती होते आणि शाळेच्या मिरवणुकीत तिला लेझीम खेळायची होती. ग्रीनस्टिकबद्दलची एक गोष्ट इथे आडवी येते. ज्या बाजूची भिंत फाटलेली असते, ती बाजू सर्वात शेवटी भरते. हात दुखत नाही, मूल धावायला लागतं, आणि त्याच रेघेवर पुन्हा पडलं तर हाड आता पूर्ण तुटतं. मधल्या भागाच्या ग्रीनस्टिकमध्ये हे जास्त होतं, म्हणून तिथे मी सहा आठवडे कोपरावरचं प्लास्टर ठेवते आणि नंतरही काही महिने सायकल आणि झाडावर चढणं बंद करते. मनगटाजवळ धोका कमी असतो, पण ओल्या रस्त्यावर, गर्दीत, हातात लेझीम घेऊन नाचणं मला सहाव्या आठवड्याआधी नको होतं. मिरवणूक सहावा आठवडा पूर्ण व्हायच्या चार दिवस आधी होती. मी नाही म्हणाले. ती रडली. शेवटी तिने वर्गाचा फलक धरून चालायचं मान्य केलं, तोही उजव्या हाताने.

सहाव्या आठवड्यात मनगट पूर्ण वर-खाली होत होतं, दाबल्यावर दुखत नव्हतं. बाजूने पाहिल्यावर हलका उंचवटा होता आणि बोटाला कॅलसची गाठ लागत होती. ही गाठ पाहून लोक पुन्हा घाबरतात, म्हणून मी ती आधीच सांगून ठेवते: पहिल्या दोन-तीन महिन्यांत हात पट्टा काढल्या दिवसापेक्षा जास्त सुजट दिसू शकतो, आणि मग हळूहळू उतरतो. चोळायचं नाही, शेकायचं नाही, वापरायचा.

त्याच महिन्यात मी एका नऊ वर्षांच्या मुलाचं मधल्या भागाचं ग्रीनस्टिक भूल देऊन बसवलं. कोन तिच्यापेक्षा जेमतेम चार अंश जास्त होता. त्याचे आईवडील लालबागच्या कुटुंबाच्या ओळखीचे निघाले आणि त्यांनी विचारलं, तिला पट्टा आणि ह्याला ऑपरेशन थिएटर कसं? कारण जागा वेगळी होती, वय दोन वर्षांनी जास्त होतं, आणि त्याचा तळहात वर वळताना निम्म्यावर अडत होता. दोन हातांचे कोन आकड्यांनी शेजारी वाटतात, पण हाडाच्या दृष्टीने ते दोन वेगळे आजार आहेत.

आणखी कोणत्या मुलाला मी पट्ट्यावर सोडत नाही, तेही इथेच लिहिते. जिथे दोन्ही हाडं मोडली आहेत, जिथे हाडाचे दोन्ही काठ पूर्ण तुटले आहेत, जिथे दुखणं वाढीच्या चकतीवरच आहे, जिथे कोपर दुखतं आहे, तिथे पट्टा नाही. कोपर दुखत असेल तर कोपराचाही एक्स-रे हवा, कारण अल्ना वाकलेली असताना रेडियसचं डोकं कोपरातून निसटलेलं असू शकतं आणि ते महिनाभराने सापडणं फार महाग पडतं. आणि अजून चालायला न शिकलेल्या बाळाचा हात मोडला असेल, तर हात कसा मोडला हे आधी नीट विचारावं लागतं.

सहा महिन्यांनी ती आली तेव्हा कोन 10 होता. बाहेरून बघून मला कुठला हात मोडला होता हे सांगता आलं नाही, फिल्मवर मात्र दिसत होतं. त्या फिल्मवर मला एक गोष्ट आजींना दाखवायची होती, ती मी पहिल्या दिवसापासून जपून ठेवली होती. पहिल्या फिल्मवर मोडलेली रेघ ग्रोथ प्लेटपासून 2 सेंटिमीटरवर होती. आता जुनी जागा त्याहून वर गेली होती. फ्रॅक्चर हललं नव्हतं, चकतीच आपल्या मागे हाड घालत पुढे गेली होती. आजींनी दोन्ही फिल्मवर बोट ठेवून अंतर मोजलं आणि म्हणाल्या, “म्हणजे हाड मागे राहिलं आणि पोरगी पुढे गेली.”

14 महिन्यांनी, पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, शेवटची फिल्म काढली. कोन 4 अंश, म्हणजे मोजणीच्या चुकीत हरवून जाईल एवढा. जुनी जागा ग्रोथ प्लेटपासून 3 सेंटिमीटरवर पोहोचली होती आणि तळहाताकडची कड पुन्हा एकसंध, गुळगुळीत झाली होती. दोन्ही कोपरं अंगाला लावून तिने तळहात वर-खाली केले, दोन्ही सारखे. मग तिने न विचारता लेझमीचे दोन ठेके हवेतच करून दाखवले.

वडिलांनी पुढची तारीख विचारली. मी फाइलवर ‘पुन्हा येण्याची गरज नाही’ असं लिहिलं आणि तिच्या सगळ्या फिल्म त्यांना परत दिल्या. आजींनी मात्र पट्टा पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाल्या, लहान मापाचा आहे, कुणाला तरी लागेल.